काळ्या ओळी, लाल अक्षरं: वायरशार्कमधला एक स्क्रीनशॉट वाचताना

नेटवर्क मंद चालतंय अशी तक्रार आली की कोणीतरी तारेवरची पॅकेट टिपणारं वायरशार्क लावतं, पाच मिनिटांची नोंद घेतं आणि स्क्रीनशॉट पाठवून देतं. पडदाभर काळ्या पट्ट्या आणि त्यांवर लाल अक्षरं: `TCP Retransmission`, `TCP Dup ACK`, पुन्हा `TCP Dup ACK`. सोबत एक वाक्य असतं, "नेटवर्कमध्ये पॅकेट हरवताहेत." ते खरं असतं, पण अर्धवट. पॅकेट कुठे हरवताहेत आणि कशामुळे, हे कळल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. त्याच स्क्रीनशॉटमध्ये या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग असतो, फक्त नोंद कुठल्या टोकाला बसून घेतली आहे ते माहीत हवं.

एक नमुना घेऊ. ऑफिसातल्या एका जुन्या लिनक्स यंत्रावरून (पत्ता .42) रोज रात्री सर्व्हरवर (.5) बॅकअप जातो. सगळं जाळं 100 मेगाबिटचं आहे, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइट सहज जायला हवेत. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही वेग मिळत नाही. पिंग मात्र एकही न चुकता परत येतं. खालच्या ओळी सर्व्हरवर, म्हणजे माल घेणाऱ्या टोकाला, नोंदल्या आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून काही रकाने गाळलेत.

```
842 2.104310 .42→.5 Seq=584001 Len=1460
843 2.104318 .5→.42 Ack=585461
844 2.104452 .42→.5 [TCP Previous segment not captured] Seq=586921 Len=1460
845 2.104459 .5→.42 [TCP Dup ACK 843#1] Ack=585461
846 2.104595 .42→.5 [TCP Previous segment not captured] Seq=589841 Len=1460
847 2.104602 .5→.42 [TCP Dup ACK 843#2] Ack=585461
848 2.306120 .42→.5 [TCP Retransmission] Seq=585461 Len=1460
```

टीसीपी प्रत्येक बाइटला क्रमांक देतं. 842 क्रमांकाच्या ओळीतला तुकडा 584001 पासून सुरू होतो आणि 1460 बाइट लांब आहे, म्हणून पुढचा तुकडा 585461 पासून सुरू व्हायला हवा. सर्व्हर 843 मध्ये तेच सांगतो: इथवर मिळालं, आता 585461 पाठव. पण पुढे येतो तो 586921. मधला एक तुकडा गायब आहे. सर्व्हर पुढचा तुकडा ठेवून घेतो आणि पोच मात्र तीच जुनी पाठवतो, "585461 पाठव." हीच ड्युप्लिकेट अ‍ॅक. 847 मध्ये तीच मागणी आणखी एकदा जाते, कारण 585461 अजून आलेला नसताना पुढचा आणखी एक तुकडा येतो. तोवर दुसराही एक तुकडा, 588381 चा, हरवलेला असतो.

एकाच मागणीच्या तीन जादा पोचा आल्या की पाठवणारा घड्याळाची वाट न बघता हरवलेला तुकडा लगेच पुन्हा पाठवतो. वायरशार्क अशा ओळीला `TCP Fast Retransmission` म्हणतो. एक-दोन पोचांवर तो हलत नाही, कारण पॅकेट वाटेत नुसती मागंपुढं झाली तरी तेवढ्या जादा पोचा येतातच. आपल्या नमुन्यात दोनच गेल्या, तिसरी गेलीच नाही. आता 847 आणि 848 मधलं अंतर बघा: दोन दशांश सेकंदांहून किंचित जास्त. या जुन्या यंत्राच्या टीसीपीने घड्याळ संपेपर्यंत वाट पाहिली. लिनक्समध्ये ही वाट सहसा कमीत कमी 200 मिलिसेकंदांची असते. अलीकडच्या आवृत्त्या त्याआधीच चाचपणीचा एखादा तुकडा पाठवून बघतात. पण जिथे पूर्ण वाट बघितली जाते, तिथे 100 मेगाबिटच्या तारेवर तेवढ्या वेळात अडीच मेगाबाइट गेले असते. पुन्हा पाठवलेला तुकडाही हरवला तर पुढची वाट दुप्पट, मग चौपट. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये काळ्या ओळी मोजण्याआधी वेळेचा रकाना बघावा. वेग मुख्यतः या थांबण्यात जातो.

थांबण्याच्या या स्वभावाला इतिहास आहे. ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलीची लॉरेन्स प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. दोन्ही जागांत अंतर जेमतेम चारशे यार्ड. वाट तुंबलेली असतानाही सगळी यंत्रं हरवलेला माल पुन्हा पुन्हा ओतत राहिली आणि वाट आणखी तुंबली. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये त्यावर उपाय मांडला: पॅकेट हरवणं ही गर्दीची खूण समजायची आणि आपला वेग झटकन कमी करायचा. नेहमीचं टीसीपी आजही मूळ त्याच वळणाने चालतं. गर्दीत हे शहाणपणाचंच आहे. पण पॅकेट गर्दीमुळे नाही, तर बिघाडामुळे हरवत असलं तरी टीसीपीला ते कळत नाही. मोकळ्या तारेवरही ते वेग कमी करून बसतं.

आता मूळ प्रश्न: हरवलं कुठे? नोंद सर्व्हरवर घेतली आहे आणि 585461 चा मूळ तुकडा तिथे दिसलाच नाही, वायरशार्कने `Previous segment not captured` म्हणून खूण केली. म्हणजे तुकडा सर्व्हरपर्यंत पोचण्याआधीच गेला. त्याच वेळी .42 वर नोंद घेतली, तर तिथे हाच तुकडा बाहेर पडताना दिसतो आणि नंतर तोच क्रमांक दुसऱ्यांदाही दिसतो. मूळ आणि पुनःप्रेषण दोन्ही दिसले, तर हरवणं नोंदीच्या जागेच्या पुढे. फक्त दुसरं दिसलं, तर मागे. एका टोकाचा स्क्रीनशॉट दिशा दाखवतो, दोन टोकांच्या नोंदी बिघाडाला मधल्या भागात पकडतात. इथे आणखी एक गोष्ट निघाली: 845 आणि 847 या पोचा सर्व्हरवरून निघाल्या, पण .42 च्या नोंदीत त्या पोचल्याच नाहीत. माल जाताना हरवतोय आणि पोच येतानाही.

मधे एक स्विच आणि दोन तारा आहेत. वायरशार्कच्या Statistics मेनूतलं Conversations उघडलं की कोण कोणाशी बोलतंय ते दिसतं. मग एकेका संवादावर `tcp.analysis.retransmission` हा फिल्टर लावून बघितलं. सर्व्हरशी बोलणाऱ्या सगळ्यांनाच त्रास होता, .42 चं इतर यंत्रांशी बोलणं मात्र सुरळीत होतं. संशय सर्व्हर आणि स्विच यांच्यामधल्या तारेवर आला. सर्व्हरवर `ethtool eth0` चालवलं:

```
Speed: 100Mb/s
Duplex: Full
Auto-negotiation: off
```

शेवटच्या ओळीत उत्तर आहे. कोणीतरी कधीतरी सर्व्हरचं कार्ड हाताने 100 फुल ड्युप्लेक्सवर बांधून ठेवलं, आणि स्विचचा पोर्ट मात्र ऑटोवर राहिला. ऑटोवरचा पोर्ट समोरच्याशी बोलून वेग आणि ड्युप्लेक्स ठरवतो. समोरून उत्तरच आलं नाही, तर सिग्नलवरून वेग 100 आहे एवढं त्याला ओळखता येतं, ड्युप्लेक्स ओळखता येत नाही. अशा वेळी हाफ धरावं असा नियम आहे. सिस्कोच्या स्विचवर `show interfaces status` मध्ये तिथे `a-half` दिसतं. हाफ ड्युप्लेक्सची तार म्हणजे एका वेळी एकाच बाजूची गाडी जाईल असा अरुंद पूल. स्विच समोरून कोणी येत नाही ना हे बघून गाडी घालतो, सर्व्हर मात्र पूल दुपदरी आहे असं समजून बिनधास्त घुसतो.

यामुळे जे घडतं ते स्क्रीनशॉटशी तंतोतंत जुळतं. स्विच मोठा तुकडा सर्व्हरकडे पाठवत असतो, तेवढ्यात सर्व्हर आधीच्या तुकड्याची पोच पाठवतो. स्विचच्या लेखी ही टक्कर. पहिले 64 बाइट निघून गेल्यावर झालेली टक्कर 'लेट कोलिजन' मानली जाते, आणि तो तुकडा स्विच सहसा पुन्हा पाठवत नाही, सोडून देतो. आलेली पोचही टकरीत वाया जाते. मग सर्व्हरला खंड दिसतो आणि तो प्रत्येक पुढच्या तुकड्यावर ड्युप्लिकेट अ‍ॅक पाठवतो. ती पोच निघते नेमकी तेव्हा, जेव्हा पुढचा तुकडा येत असतो. म्हणजे हरवल्याची तक्रारच पुढचा तुकडा मारते. पिंग का चुकत नाही, हेही इथे उलगडतं: एक प्रश्न, मग एक उत्तर, दोन्ही बाजू एकाच वेळी कधी बोलतच नाहीत.

तुटलेला अर्धा तुकडा सर्व्हरच्या कार्डापर्यंत येतो, पण त्याची तपासणी-बेरीज, म्हणजे सीआरसी, जुळत नाही म्हणून कार्ड तो तिथेच टाकून देतं. वायरशार्कला तो बहुधा दिसतही नाही. म्हणून इथून पुढचा पुरावा पॅकेटच्या नोंदीत नसतो, तो पोर्टच्या मोजणीत असतो. स्विचच्या बाजूला लेट कोलिजन वाढताहेत आणि सर्व्हरच्या बाजूला सीआरसी चुका वाढताहेत, ही जोडी ड्युप्लेक्सच्या विसंगतीची सही आहे. टकरी शून्य आणि नुसत्या सीआरसी चुका असतील, तर तार, क्रिम्प केलेला कनेक्टर किंवा पोर्ट तपासावा. चुका कुठेच नाहीत, पण स्विचच्या बाहेर जाणाऱ्या पोर्टवर टाकून दिलेली पॅकेट मोजली जाताहेत, तर ती खरीच गर्दी, आणि तिथे टीसीपी जे करतंय ते बरोबर आहे.

एक फसवी नोंदही ओळखता आली पाहिजे. स्विचवर मिरर पोर्ट लावून नोंद घेतली आणि पॅकेट आत येताना व बाहेर जाताना दोन्ही वेळा नक्कल झाली, तर प्रत्येक पॅकेट दोनदा दिसतं. मग वायरशार्क अख्खा पडदा काळा करतो आणि नेटवर्क मात्र ठणठणीत असतं. अशा वेळी जोडीतल्या दोन्ही पॅकेटांचं `ip.id`, म्हणजे पॅकेटचा ओळख-क्रमांक, बघावं. खऱ्या पुनःप्रेषणात पॅकेट नव्याने बनतं, म्हणून हा आकडा सहसा बदलतो. मिररच्या नकलेत तो तोच राहतो आणि दोन ओळींतलं अंतर काही मायक्रोसेकंदांचं असतं. आकडा तोच, पण टीटीएल एकने कमी असेल, तर तेच पॅकेट राउटरच्या अलीकडे आणि पलीकडे असं दोनदा नोंदलं गेलंय. काही यंत्रं हा आकडा कायम शून्यच ठेवतात, तिथे ही खूण चालत नाही, वेळेवरूनच ठरवावं लागतं.

आपल्या सर्व्हरवर उपाय एका ओळीचा होता:

```
sudo ethtool -s eth0 autoneg on
```

दोन्ही बाजू ऑटोवर आल्या की पोर्ट फुल ड्युप्लेक्सवर जातो. स्विचचा पोर्टही हाताने फुलवर बांधता येतो, पण पुढे कोणी यंत्र बदललं की तोच घोळ परत होतो, म्हणून ऑटोच बरं. तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटला ही बोलणी लागतातच, त्यामुळे हा बिघाड मुख्यतः 100 मेगाबिटवर उरला आहे: जुने कॅमेरे, कारखान्यातली यंत्रं, मीडिया कन्व्हर्टर. बदल केल्यावर मोजणी शून्यावर आणावी, बॅकअप पुन्हा चालवावा आणि लेट कोलिजन जागेवरच आहेत ना ते बघावं. नव्या नोंदीत तुरळक पुनःप्रेषणं दिसली तर घाबरायचं कारण नाही. वेग वाढवत वाढवत वाट भरेपर्यंत जायचं आणि एखादं पॅकेट पडलं की मागे यायचं, टीसीपी चालतंच असं.