ताई कार्डवरची पुढची लस कुठली, ते कसं ओळखायचं

निपाणी-खानापूरकडे बरीच मुलं जन्मतात कर्नाटकात आणि आजोळ असतं चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, मग दोनेक महिने तिकडे गेले की ताई कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं आई-बाळाचं कार्ड, त्यावरचे लसींचे रकाने रिकामे राहतात आणि आई घाबरते की आता सगळं पहिल्यापासून. तसं नसतं. राहिलेली लस तिथून पुढे देतात.

आधी आकडे बघा. ओपीव्ही म्हणजे पोलिओचे थेंब, त्याचा जन्माचा डोस शून्य नंबरचा, म्हणून दीड महिन्याला मिळतो तो दुसऱ्यांदा असला तरी कार्डवर १ असतो. पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एक लस, ती आणि जुलाबावरची रोटा (आरव्हीव्ही) दीड महिन्यालाच १ पासून सुरू होतात. पेंटा, रोटा, ओपीव्ही ६, १०, १४ आठवड्यांना, पण एफआयपीव्ही (दंडावरचं पोलिओचं बारीक इंजेक्शन) आणि पीसीव्ही (न्यूमोनियाची) फक्त ६ आणि १४ ला. १० आठवड्यांना ह्या दोघांचा रकानाच नसतो, लस चुकली असं समजू नका.

आता समजा बाळ ५ जानेवारी २०२५ चं. सहा आठवडे १६ फेब्रुवारीला पूर्ण, पण आजोळी असल्यामुळे पहिला डोस ६ मार्चला पडला. इथं बरेच जण जन्मतारखेवरून दहावा आठवडा मोजतात, तो १६ मार्चला येतो, म्हणजे मध्ये फक्त दहा दिवस. ते चालत नाही, दोन डोसांत किमान चार आठवडे लागतात. त्यामुळे मोजायचं कार्डवर हाताने लिहिलेल्या शेवटच्या तारखेपासून: पेंटा २ ला ३ एप्रिल, पेंटा ३ ला १ मे, आणि त्याच १ मेला एफआयपीव्ही २, पीसीव्ही २. उशीर झाला तरी १ नंबर परत घ्यायचा नाही.

नऊ महिने पूर्ण झाले की, म्हणजे ह्या बाळाला ५ ऑक्टोबरनंतर, एमआर १ (गोवर-रुबेला), पीसीव्हीचा बूस्टर आणि एफआयपीव्ही ३. हा तिसरा २०२३ पासून आलाय, जुन्या कार्डात त्याचा रकाना नसेल तर सिस्टरना सांगून बाजूला तारीख लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या गावात कुणाला कळणारच नाही.

एक अगदी महत्त्वाचं, पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले थेंब ह्या रकान्यात धरायचे नाहीत, ते वेगळे.

सरकारी दवाखान्यात हे फुकट आहे, सीमेच्या अलीकडे असो की पलीकडे, रहिवासी दाखला लागत नाही. सोबत न्यायचं ते कार्ड आणि नोंदवलेला मोबाईल नंबर. कार्ड हरवलं असेल तर जिथे आधीचे डोस झाले तिथल्या सिस्टरच्या रजिस्टरमधून तारखा उतरवून घ्या, आठवणीने सांगू नका.