सहा सेकंदांत लोणार

छोट्या व्हिडिओचं निवेदन लिहिताना पहिला प्रश्न असतो, एका दृश्यात किती मजकूर मावेल? इंग्रजीसाठी मिनिटाला साधारण 150 शब्द असा हिशोब सांगितला जातो. तो मराठीला लावला की निवेदन हमखास लांबतं, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘बुलढाण्याजवळच्या’ हा मोजायला एकच शब्द, पण बोलायला चांगला लांब.

म्हणून शब्द मोजण्याऐवजी बोललेली अक्षरं मोजावीत. ‘सरोवर’ लिहिताना चार अक्षरं दिसतात, पण तोंडातून स-रो-वर अशी तीनच निघतात. आकड्यांचं उलटं होतं. ‘1.8’ कागदावर चिमूटभर दिसतो, पण ‘एक पूर्णांक आठ’ म्हणताना चार अक्षरं खर्च होतात. सगळ्या भाषांचा बोलण्याचा वेगही सारखा नाही. 2019 साली ‘सायन्स अॅडव्हान्सेस’मध्ये 17 भाषांची तुलना प्रसिद्ध झाली. जपानी माणसं सेकंदाला व्हिएतनामींपेक्षा बरीच जास्त अक्षरं बोलतात, पण प्रत्येक अक्षरात माहिती कमी असते. त्यामुळे दर सेकंदाला पोचणारी माहिती सगळ्या भाषांत जवळपास सारखी, सुमारे 39 बिट भरते. त्या 17 भाषांत मराठी नव्हती, तेव्हा आपल्या निवेदकाचा वेग आपणच मोजलेला बरा. त्याच्याकडून एक मिनिट शांतपणे वाचून घ्यावं, अक्षरं मोजावीत आणि 60ने भागावं.

समजा उत्तर पाच आलं आणि लोणार विवराच्या व्हिडिओतलं वरून घेतलेलं दृश्य सहा सेकंदांचं आहे. सुरुवातीला आणि शेवटी अर्धा-अर्धा सेकंद मोकळा ठेवायचा, नाहीतर एका दृश्याचं वाक्य दुसऱ्यावर सांडतं. उरले पाच सेकंद, म्हणजे 25 अक्षरं. आणि हातातला मजकूर असा:

‘महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यामध्ये असलेले लोणार सरोवर हे उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकामध्ये तयार झालेले एक अत्यंत वैशिष्ट्यपूर्ण सरोवर असून त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर इतका आहे.’

ही 68 अक्षरं होतात, म्हणजे साडेतेरा सेकंदांहून जास्त. शेपूट छाटून भागत नाही, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ते गेलं की वाक्यच कोसळतं. कात्री मधल्या भागात चालवावी लागते. ‘असलेले’, ‘असून’, ‘इतका आहे’ यांनी अर्थात काहीच भर पडत नाही. ‘अत्यंत वैशिष्ट्यपूर्ण’ हे चित्रच सांगतंय. जिल्हा आणि व्यास पडद्यावरच्या एका छोट्या ओळीत जातात. कानासाठी उरतं ते चित्रात न दिसणारं, म्हणजे हे कशामुळे झालं:

‘बेसॉल्टच्या पठारावर उल्का आदळली आणि हे लोणारचं विवर तयार झालं.’

ही 24 अक्षरं आहेत, पावणेपाच सेकंदांच्या जरा वर. ध्वनिमुद्रण वेगात चालवूनही 68 अक्षरं सहा सेकंदांत कोंबता येतील, पण त्यासाठी वेग दुपटीच्याही पुढे न्यावा लागेल. आवाजाची पट्टी सॉफ्टवेअर सांभाळतं, विराम मात्र तेवढ्याच प्रमाणात आक्रसतात आणि ऐकलेलं पचवायला तेच लागतात. शब्दांची टोकंही गिळली जातात, आणि मराठीत ‘ने’, ‘ला’, ‘चा’ नेमके टोकालाच असतात. शंका असेल तर पडदा झाकून एकदा नुसतं ऐकावं. कोणी काय केलं हे कळलं नाही, तर मजकूर अजून कमी करायला हवा.

खरी कसोटी पुढच्या दृश्यात आहे. विषय विवराचं वय, वेळ पाच सेकंद. कडेचा एक सेकंद सोडला की 20 अक्षरं उरतात. ‘लोणार 52 हजार वर्षांपूर्वी तयार झालं’ हे 14 अक्षरांत आरामात बसतं. पण ते खरं म्हणून सांगता येत नाही. 52 हजार हा आकडा तापदीप्ती पद्धतीने काढलेल्या जुन्या मापनाचा आहे. पुढे आर्गॉन पद्धतीने वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं, म्हणजे जवळपास अकरा पट. विज्ञानाच्या निवेदनात कात्रीखाली सर्वांत आधी ‘सुमारे’, ‘एका मापनानुसार’ असेच शब्द येतात, कारण ते काढले तरी वाक्य सुरळीत राहतं. मला ही कापाकापी मान्य नाही. अशा जागी मजकुराला हात न लावता दृश्य लांबवावं:

‘लोणारचं वय नेमकं किती? एका मापनाने 52 हजार वर्षं, दुसऱ्याने पावणेसहा लाखांच्या आसपास.’

ही 31 अक्षरं म्हणजे सव्वासहा सेकंद, प्रश्नानंतरचा अर्धा सेकंद आणि कडेचा एक. हे दृश्य आठ सेकंदांचं होतं. वाढलेले तीन सेकंद शेवटच्या श्रेयनामावलीतून काढता येतात, तिथे निवेदन नसतंच.