प्रिंटरचा पेज काउंटर आणि टोनर पातळी यांचे नेटवर्कवरून वाचन

महाविद्यालयातील प्रिंटरांनी आजवर किती पृष्ठे छापली आणि त्यांच्या कार्ट्रिजमध्ये किती टोनर उरला आहे, हे प्रत्येक यंत्रापाशी न जाता नेटवर्कवरून वाचून त्यावर टोनरखरेदीचे वेळापत्रक बसवण्याची पद्धत. नेटवर्कला जोडलेल्या बहुतेक लेसर प्रिंटरांत ही सोय मुळातच असते. तरीही बऱ्याच महाविद्यालयांत नवे कार्ट्रिज मागवण्याची वेळ छपाई फिकट येऊ लागल्यावर, म्हणजे दहा दिवस उशिराने, लक्षात येते.

वाचनासाठी एसएनएमपी हा प्रोटोकॉल वापरतात. प्रिंटर यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न ऐकतो आणि विचारलेल्या खात्यातला आकडा परत पाठवतो. कोणत्या खात्यात काय असावे याचा सर्व कंपन्यांसाठी एकच आराखडा १९९५ मध्ये आरएफसी १७५९ या दस्तऐवजाने ठरवला. त्याची सुधारित आवृत्ती, आरएफसी ३८०५, २००४ मध्ये आली. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनाही तोच प्रश्न त्याच क्रमांकाने विचारता येतो. नेट-एसएनएमपी ही मोफत साधने असलेल्या कोणत्याही संगणकावरून पुढील दोन आज्ञा पुरतात:

```
snmpget -v2c -c public 192.168.10.21 1.3.6.1.2.1.43.10.2.1.4.1.1
snmpwalk -v2c -c public 192.168.10.21 1.3.6.1.2.1.43.11.1.1
```

पहिली आज्ञा यंत्राने जन्मापासून छापलेल्या पृष्ठांचा आकडा देते. दुसरी टोनर, ड्रम, वाया गेलेल्या टोनरची डबी अशा सर्व पुरवठ्यांची यादी उलगडते. या यादीतल्या तीन ओळी कामाच्या असतात:

```
mib-2.43.11.1.1.6.1.1 = STRING: "Black Cartridge"
mib-2.43.11.1.1.8.1.1 = INTEGER: 3000
mib-2.43.11.1.1.9.1.1 = INTEGER: 1500
```

सहाव्या स्तंभात नाव, आठव्यात पूर्ण क्षमता आणि नवव्यात सध्याची पातळी असते. येथे कार्ट्रिज अर्धे उरले आहे. काही यंत्रे क्षमता पृष्ठांत सांगतात, काही सरळ १०० सांगतात, म्हणून नववा स्तंभ आठव्याने भागूनच टक्केवारी काढावी. पातळीच्या जागी ऋण आकडा आला तर ती बिघाडाची खूण नसते: -२ म्हणजे यंत्राला पातळी ठाऊक नाही, -३ म्हणजे थोडाफार टोनर आहे पण किती ते सांगता येत नाही. वाया गेलेल्या टोनरच्या डबीबाबत मात्र मानक उलट वाचायला सांगते. तिथला आकडा भरलेल्या नव्हे, तर उरलेल्या जागेचा असतो. तो शून्याकडे गेला की डबी बदलायची.

दोन आकड्यांची विश्वासार्हता

या दोन वाचनांकडे सारख्याच भरवशाने पाहणे ही नेहमीची चूक. पेज काउंटर खरोखर मोजलेला असतो: छाप उमटला की आकडा एकने वाढतो, दोन्ही बाजूंनी छापलेल्या एका कागदाला दोनने. टोनरची पातळी हा बहुतेक यंत्रांत अंदाज असतो. डबीत किती पूड आहे हे कोणी तोलत नाही. यंत्र छापलेले ठिपके आणि कार्ट्रिजमधल्या रोलरचे फेरे मोजते, मूळ क्षमतेतून वजा करते आणि उत्तर कार्ट्रिजवरच्या चिपमध्ये लिहून ठेवते.

खोक्यावरची ३,००० पृष्ठांची क्षमताही एका ठरावीक परीक्षेतून आलेली असते. एकरंगी लेसर कार्ट्रिजसाठी आयएसओ १९७५२ हे मानक आहे. त्यात ठरलेले नमुना पृष्ठ सलग छापत राहून कार्ट्रिज कधी संपते ते पाहतात, आणि त्या पृष्ठाचा साधारण पाच टक्के भागच काळा असतो. महाविद्यालयाच्या कार्यालयात असे कधीच घडत नाही. खिडकीवर एक विद्यार्थी येतो, त्याचे बोनाफाइड निघते. पाच मिनिटांनी दुसऱ्याचे. प्रत्येक सुट्या कामाच्या आधी आणि नंतर रोलर काही फेरे रिकामे फिरतात. त्यामुळे एकेक करून काढलेल्या शंभर दाखल्यांना सलग छापलेल्या शंभर पृष्ठांपेक्षा कार्ट्रिज जास्त झिजवावे लागते. त्यात दाखल्यावर महाविद्यालयाचे जाड बोधचिन्ह असेल तर बघायलाच नको.

म्हणून नियोजनाचा पाया काउंटर हाच असावा आणि पातळीचा उपयोग एवढाच, की *या* यंत्रावर, *या* कामासाठी एक कार्ट्रिज प्रत्यक्षात किती पृष्ठे देते ते काढायचे.

एक हिशेब

नमुन्यादाखल परीक्षा विभागातला एक प्रिंटर घेऊ. आठवड्याचे सहा दिवस काम आहे. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला काउंटर ४८,२१० आणि पातळी २,४०० होती. १२ कामाच्या दिवसांनंतर, १४ तारखेला, काउंटर ४९,०५० आणि पातळी १,५००. प्रत्यक्षात ८४० पृष्ठे निघाली, पण यंत्राने ९०० वजा केली. म्हणजे इथले पृष्ठ नमुना पृष्ठापेक्षा गडद आहे आणि खोक्यावर ३,००० लिहिलेले कार्ट्रिज इथे २,८०० पृष्ठेच देईल. उरलेल्या अर्ध्या कार्ट्रिजमध्ये १,४०० पृष्ठे आहेत. रोजचा खप ७०, तेव्हा २० कामाचे दिवस.

आता मागणीला लागणारा वेळ. लेखा विभागाची टिपणी, तीन कोटेशने, प्राचार्यांची सही आणि पुरवठादाराची गाडी यांना मिळून दहा कामाचे दिवस लागतात असे धरू आणि वर पाच दिवस राखीव ठेवू. १५ दिवसांचा खप १,०५० पृष्ठे. उरलेली पृष्ठे १,०५० वर येतील त्या दिवशी, म्हणजे आजपासून पाच कामाच्या दिवसांनी, मागणी टाकायला हवी. तेव्हा पातळी ३८ टक्क्यांच्या आसपास असेल. यंत्रावरचा लाल दिवा त्यानंतर कितीतरी दिवसांनी पेटतो.

हे साध्या महिन्याचे झाले. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा आहेत आणि गेल्या वर्षीच्या नोंदीनुसार याच यंत्राने त्या महिन्यात ९,६०० पृष्ठे छापली होती, रोजची ४०० च्या घरात. सुट्या न धरता, सध्याचे कार्ट्रिज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपेल आणि त्या जागी बसवलेल्या नव्यात १ ऑक्टोबरला १,४०० पृष्ठे उरतील. उरलेल्या ८,२०० पृष्ठांना तीन कार्ट्रिजे लागतात आणि तरी २०० पृष्ठांचीच ढिलाई राहते. चौथे कपाटात असावे, कारण काही विद्यापीठांत प्रश्नपत्रिका परीक्षेच्या थोडा वेळ आधी संगणकावर येते आणि महाविद्यालयातच छापावी लागते. त्या अर्ध्या तासात बाजारातून टोनर आणता येत नाही. ही चारही कार्ट्रिजे सप्टेंबरच्या मध्याआधी मागवायची, आणि ते टक्केवारी पाहून कळणारे नाही. त्याला गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा काउंटर लागतो. म्हणून वाचन रोज एकदा, ठरावीक वेळी, तारखेसह एका फाइलमध्ये साठवत जाणे हे या पद्धतीचे अर्धे काम आहे.

वाचन फसते तेव्हा

सर्वांत जास्त घोळ रिफिलमुळे होतो. पूड नवी भरली पण चिप जुनीच राहिली, तर पातळी शून्यावर गोठते आणि काउंटर मात्र पळत राहतो. हीच ती ओळखण्याची खूण. चिप बदलली असेल तर ती १०० टक्क्यांपासून सुरू होते, मग डबीत पूड कमी भरलेली का असेना. अशा यंत्रांसाठी पातळीचा स्तंभ सोडूनच द्यावा आणि कार्ट्रिज बदलताना काउंटर नोंदवहीत लिहावा. लागोपाठच्या दोन नोंदींतला फरक हीच त्या रिफिलची खरी क्षमता. ती दर खेपेला घटत चालली, तर ड्रम किंवा ब्लेड झिजले आहे किंवा पूड कमी भरली जात आहे, आणि रिफिलवाल्याशी बोलताना हातात आकडा असतो.

काउंटर कधीच मागे जात नाही. गेला, तर एक तर यंत्राचे मुख्य कार्ड बदलले आहे, किंवा त्या आयपी पत्त्यावर आता दुसराच प्रिंटर बसला आहे. आयपी आपोआप वाटले जात असतील तर हे हमखास घडते. म्हणून प्रत्येक वाचनासोबत यंत्राचा अनुक्रमांकही मागवावा आणि नोंदी त्याच्या नावे ठेवाव्यात:

```
snmpget -v2c -c public 192.168.10.21 1.3.6.1.2.1.43.5.1.1.17.1
```

गाढ झोपेत गेलेली काही यंत्रे उत्तरच देत नाहीत. अशा वेळी त्या दिवसाची जागा रिकामी सोडावी. शून्य लिहिले की सरासरीचा बोऱ्या वाजतो.

वाचनाचा परवलीचा शब्द बहुतेक यंत्रांत `public` असाच येतो आणि तो बदलणे शहाणपणाचे. मात्र बदलल्यावर दुसऱ्या दिवशी अर्ध्या स्टाफरूममधून प्रिंटर ऑफलाइन असल्याची तक्रार येऊ शकते. कारण विंडोजही हाच शब्द वापरून प्रिंटरची विचारपूस करते आणि उत्तर मिळाले नाही की तो बंद समजते. पोर्टच्या सेटिंगमध्ये `SNMP Status Enabled` या खुणेखाली नवा शब्द भरला किंवा ती खूण काढली की छपाई पूर्ववत होते.

मर्यादा

काउंटर छाप मोजतो, कागद नव्हे. दोन्ही बाजूंनी छापणाऱ्या विभागाची ए-फोर रिमे या आकड्यावरून मागवली तर जवळजवळ दुप्पट येतील. दुबाजू छपाईचा वेगळा आकडा कंपन्या आपापल्या खासगी खात्यांत ठेवतात, आणि तो यंत्राच्या वेबपृष्ठावर पाहणे सोपे पडते. कोणी किती छापले हेही इथे कळत नाही; त्यासाठी प्रिंट सर्व्हरवरची नोंद लागते.

ज्या यंत्राला नेटवर्कच नाही ते या पद्धतीच्या बाहेर राहते. कार्यालयांत वर्षानुवर्षे टिकून असलेला एचपी लेसरजेट १०२० हा त्याचा ठळक नमुना: तो फक्त यूएसबीवर चालतो आणि त्याचे १२ए कार्ट्रिज सुमारे २,००० पृष्ठांचे असते. अशा यंत्रांचे कॉन्फिगरेशन पान महिन्यातून एकदा छापून त्यावरचा आकडा हाताने त्याच फाइलमध्ये भरतात. महिन्याला एक वाचन कार्ट्रिज संपण्याचा दिवस नेमका सांगत नाही, पण वर्षाची मागणी काढायला तेवढे पुरते.