मिडीच्या १२८ पायऱ्या: नॉब मॅपिंग आणि व्हेलॉसिटी कर्व्हमागचा इतिहास

नॉब अगदी हळू फिरवला तरी प्लगइनमधला फिल्टर जिना चढल्यासारखा तुटक उघडतो. फेडरला नुसता हात लागला की पातळी उडी मारते. हलक्या हाताने वाजवलेला सूर कधी कधी उमटतच नाही. या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचं मूळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरलेल्या मिडीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याच्या सामाईक पद्धतीत आहे.

१९८१ मध्ये डेव्ह स्मिथ आणि चेट वूड यांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडण्याचा प्रस्ताव ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडला. रोलंडचे इकुतारो काकेहाशीही त्याच दिशेने प्रयत्न करत होते. जानेवारी १९८३ मध्ये नॅम या वाद्य उद्योगाच्या प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलने जोडून दाखवली गेली. स्वस्त वाद्यांतही बसेल असा जोड हवा होता, म्हणून सेकंदाला ३१,२५० बिट एवढा वेग ठरला. प्रत्येक बाइटमधला एक बिट ‘हा आदेश आहे की आकडा’ हे सांगण्यात खर्च होतो. आकड्यासाठी सात बिट उरतात, म्हणजे ० ते १२७. तीन बाइटचा एक संदेश जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. त्या काळाच्या मानाने हा हिशेब चोख होता.

नॉब आणि फेडर ‘कंट्रोल चेंज’, म्हणजे सीसी संदेश पाठवतात. सीसी १ मॉड्युलेशन, ७ व्हॉल्यूम, ११ एक्स्प्रेशन, ६४ सस्टेन पेडल. १२८ पायऱ्या कमी पडतील हे मिडी आखणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून सीसी ० ते ३१ यांना ३२ ते ६३ ची जोड दिली. दोन्ही मिळून १४ बिट, म्हणजे १६,३८४ पायऱ्या होतात. पण बहुतेक कंट्रोलरनी ही सोय वापरलीच नाही. जे वापरतात त्यांच्यात आजही एक घोळ होतो. फेडर सीसी ७ आणि ३९ असे दोन संदेश पाठवतो, आणि नॉब ओळखण्यासाठी ‘लर्न’ दाबल्यावर होस्ट, म्हणजे प्लगइन चालवणारं सॉफ्टवेअर, चुकून ३९ पकडतो. मग फेडर वर जाताना मूल्य वरखाली नाचत राहतं. असं दिसलं की सीसी क्रमांक हाताने ७ करावा.

१९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी हा प्लगइनचा साचा आणला. तिथे प्लगइनचा प्रत्येक पॅरामीटर ०.० ते १.० या दशांश मूल्यात चालतो, म्हणजे पायऱ्या जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे मॅपिंग करताना आपण १२८ पायऱ्यांचा जिना एका सरळ उतारावर टेकवत असतो. फिल्टर जिथून आवाज कापू लागतो तो कटऑफ २० ते २०,००० हर्ट्झ धरू. हे जवळपास दहा सप्तकांचं अंतर आहे. प्लगइनने ते सप्तकांच्या प्रमाणात वाटलं असेल, तर नॉबची एक पायरी सुमारे ०.९४ सेमीटोनची होते. रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळचा उठाव, वाढवला की ती कानाला स्पष्ट टोचते. वाटणी सरळ रेषेत असेल तर पहिलीच पायरी २० वरून १७७ हर्ट्झवर नेते, म्हणजे एका झटक्यात तीन सप्तकं पार.

उपाय मॅपिंगच्या पल्ल्यात आहे. गाण्यात फिल्टर २०० ते २,००० हर्ट्झमध्येच फिरणार असेल, तर किमान आणि कमाल मूल्य तेवढंच ठेवावं. सप्तकांच्या वाटणीत एक पायरी मग सेमीटोनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उरते. एबलटन लाइव्ह या होस्टमध्ये मिडी मॅप चालू केल्यावर दिसणाऱ्या यादीत `Min` आणि `Max` असतात, ते यासाठीच.

उडीचं कारण वेगळं आहे. साध्या नॉबला स्वतःची जागा माहीत असते, पण प्रीसेट बदलल्यावर प्लगइनचं मूल्य कुठे गेलं ते त्याला कळत नाही. मोटर असलेले फेडर मूल्यामागे स्वतः सरकतात, पण ते महाग पडतात. सॉफ्टवेअरमधला उपाय म्हणजे नॉब जुन्या मूल्याला स्पर्श करेपर्यंत काहीच न हलवणं. लाइव्हमध्ये याला `Pickup` म्हणतात, रीपर या दुसऱ्या होस्टमध्ये `Soft takeover`.

तिसरा मार्ग अखंड फिरणाऱ्या एन्कोडरचा. तो जागा सांगत नाही, फक्त ‘एक पुढे, एक मागे’ एवढंच सांगतो. पण ‘एक मागे’ कसं लिहायचं यावर उत्पादकांचं एकमत झालं नाही. रीपरच्या लर्न खिडकीत त्याचे तीन प्रकार दिसतात:

```
Relative 1: 127=-1, 1=+1
Relative 2: 63=-1, 65=+1
Relative 3: 65=-1, 1=+1
```

चूक लक्षणांवरून ओळखता येते. पॅरामीटर तळाशी आणि माथ्यावर आदळत असेल, तर एन्कोडर पहिल्या प्रकाराचा आहे आणि होस्ट `Absolute` वर राहिला आहे. मूल्य मध्याभोवती अडकून थरथरत असेल तर एन्कोडर दुसऱ्या प्रकाराचा आहे.

व्हेलॉसिटीची, म्हणजे सूर किती जोरात वाजवला हे सांगणाऱ्या आकड्याची, गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात आणि पहिलं लागल्यापासून दुसरं लागेपर्यंतचा वेळ मोजला जातो. म्हणजे मोजला जातो तो पट्टीचा वेग. तो १ ते १२७ मध्ये कसा बसवायचा हे मिडीने उत्पादकावर सोडलं. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ चा कीबोर्ड कितीही जोरात वाजवला तरी १२७ गाठत नसे. त्यामुळे त्यावर घडवलेले आवाज पूर्ण १२७ देणाऱ्या कीबोर्डवरून वाजवले की जास्त कर्कश लागतात. आलेला आकडा दुसऱ्या आकड्यात बदलणाऱ्या व्हेलॉसिटी कर्व्हची गरज ही अशी पडते.

नेहमीचा कर्व्ह असा असतो:

```
out = round(127 * (in/127)^g)
```

`g` ०.७ ठेवला तर ६४ चे ७९ होतात, हलका हात उचलला जातो. पण ५ चे १३ आणि ६ चे १५ होतात, म्हणजे १४ कधीच वाजत नाही. वरच्या टोकाला १२५ आणि १२६ दोन्ही १२६ होतात. कर्व्ह नव्या पायऱ्या घडवू शकत नाही, आहेत त्याच गमावतो. `g` २ केला तर १ ते ७ ही मूल्यं शून्यावर येतात, आणि मिडीत शून्य व्हेलॉसिटीचा ‘नोट ऑन’ म्हणजे ‘नोट ऑफ’. हलका सूर गायब होतो तो इथे. म्हणून निकाल १ च्या खाली जाऊ न देण्याची सोय कर्व्हमध्ये हवीच.

कर्व्ह एकाच ठिकाणी लावावा. कीबोर्डमध्ये ०.७ आणि प्लगइनमध्येही ०.७ असेल तर ६४ चे ७९ न राहता ९१ होतात, आणि सॅम्पल केलेल्या पियानोचा जोरकस थर मध्यम हातालाच उघडतो. आधी दोन्हीकडे सरळ रेषा ठेवून हलके, मध्यम आणि जोरकस असे वीसेक आघात रेकॉर्ड करावेत आणि आकडे बघावेत. जोरकस आघात शंभराच्या आसपासच थांबत असतील, तर वाकवण्याआधी वरची मर्यादा ताणावी लागेल. हार्मोनियमच्या आवाजाला मात्र कर्व्ह नकोच. त्या पेटीत जोर भात्याचा असतो, पट्टीचा नाही. तिथे व्हेलॉसिटी एका आकड्यावर स्थिर करून सीसी ११ फेडरला द्यावा, मग डावा हात भात्याचं काम करतो.

२०२० मध्ये आलेल्या मिडी २.० ने व्हेलॉसिटी १६ बिट आणि कंट्रोलर ३२ बिट केले. जुन्या कीबोर्डचा आकडा नव्या मापात रूपांतरित होतो, ६४ मध्यावरच बसतो, पण त्या कीबोर्डमधून निघणारी वेगळी मूल्यं पूर्वीइतकीच राहतात.