फेटा कुठं गेला?

थोरले मामा जुने पैलवान. तालमीत त्यांचा सत्कार ठरला आणि फ्लेक्सचं काम माझ्या गळ्यात पडलं. भाच्यानं मोबाईलवर दाखवलं, "दादा, असलं पाहिजे. दोनच रंग, एकदम पॉप-आर्ट." फोटो चांगला होता. भगवा कोल्हापुरी फेटा, तुरा ताठ, झुपकेदार मिशा, डाव्या गालावर दुपारचं ऊन. फोटोशॉपात ग्रेडियंट मॅप लावला, एका टोकाला निळा, दुसऱ्या टोकाला पिवळा. अर्ध्या मिनिटाचं काम. मामांनी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "फेटा कुठं गेला रं माझा?"

खरंच गेला होता. कपाळ कुठं संपतं आणि फेटा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. कपाळच डोक्यावर वीतभर वाढल्यासारखं दिसत होतं.

ग्रेडियंट मॅप नेमकं काय करतो ते पाहिलं की याचं कारण कळतं. फोटोतल्या प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255. ग्रेडियंट मॅप या तिन्हींचा मिळून एकच आकडा काढतो, तो बिंदू किती उजळ आहे याचा. मग तो आकडा घेऊन रंगांच्या पट्टीवर जातो. 0 असेल तर पट्टीचं डावं टोक, 255 असेल तर उजवं टोक, मधला असेल तर मधला रंग. मूळ रंग कुठला होता हे तो विसरून जातो. उजळपणा काढताना तिन्ही रंगांना सारखा मान नसतो. आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात कमी, म्हणून ढोबळमानानं लालाचे 30 टक्के, हिरव्याचे 59 आणि निळ्याचे 11 धरतात.

आता मामांचा फोटो. कर्सर फेट्यावर नेला की इन्फो पॅनलमध्ये 235, 105, 30 दिसत होतं. कपाळावर 180, 125, 95. हिशेब केला तर फेट्याचा उजळपणा येतो साधारण 136 आणि कपाळाचा 138. आपल्याला दोन्ही वेगळे दिसतात, कारण एक झगझगीत भगवा आहे आणि दुसरा गव्हाळ. पण रंग काढून घेतला तर उरलेला करडा दोन्हीकडं एकच. पट्टीवर दोघे शेजारी शेजारी उभे राहिले आणि दोघांना एकच रंग मिळाला. पट्टीचे रंग कितीही बदला, फेटा परत येणार नाही. माझा अर्धा तास त्यातच गेला. गुलाबी करून बघितला, हिरवा करून बघितला, आणि चूक सगळा वेळ खालच्या थरात बसून होती.

म्हणून ड्युओटोनचं, म्हणजे अशा दोन रंगांतल्या चित्राचं, खरं काम रंग निवडण्याच्या आधी असतं, कृष्णधवल फोटो तयार करताना. लग्नपत्रिकांची स्क्रीन प्रिंटिंग करणारी जुनी मंडळी हे जाणतात. त्यांच्याकडं शाई नंतर येते, आधी फिल्म नीट लागते.

फोटोच्या वर आणि ग्रेडियंट मॅपच्या खाली एक `Channel Mixer` अॅडजस्टमेंट लेयर घातला आणि `Monochrome` वर टिक केली. इथं आपण स्वतः ठरवतो, करडा रंग बनवताना कुठल्या चॅनलचा किती वाटा घ्यायचा. फोटोशॉप सुरुवातीला लाल 40, हिरवा 40, निळा 20 असा वाटा देतो. त्यात फेटा 142 आणि कपाळ 141. म्हणजे पुन्हा तेच!

मग चॅनल एकेक करून बघायचे. लाल चॅनलमध्ये फेटा 235 आणि कपाळ 180, चांगलं पंचावन्नचं अंतर. निळ्यात उलट, फेटा 30 आणि कपाळ 95. अंतर निळ्यातही आहे, पण मोबाईलच्या जेपीजी फोटोत निळा चॅनल सगळ्यात खराब असतो. कातडी खडबडीत होते, ठिपके आणि चौकोनी डाग दिसतात, आणि पुढं रंग लावल्यावर ते दुपटीनं उठून दिसतात. नुसता लाल घेतला तर उलटी अडचण. कातडी इतकी गुळगुळीत होते की मामांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि ओठांची कड दोन्ही पुसट होतात. सत्तरीतला पैलवान साबणाच्या जाहिरातीतला वाटायला लागतो. मी लाल 80, हिरवा 20, निळा 0 वर थांबलो. बेरीज 100 ठेवली, त्यामुळं पांढरा सदरा पांढराच राहिला. आता फेटा 209 आणि कपाळ 169. अंतर चाळीसचं. स्क्रीनपासून चार पावलं मागं जाऊन डोळे किलकिले केले तरी फेटा वेगळा दिसत होता. तपासणी म्हणून मला एवढी पुरते.

फेटा हिरवा असता तर हे आकडे चालले नसते. लाल चॅनलमध्ये तो काळा पडला असता. ते वाईटच असं नाही, पण मग मिशा, केस आणि फेटा एकाच अंधारात गेले असते. प्रत्येक फोटोला चॅनल नव्यानं बघावे लागतात.

फोटोशॉपऐवजी जिंप वापरत असाल तर त्यात यासाठी `Mono Mixer` आहे. त्याचा हिशेब थोडा वेगळा चालतो, त्यामुळं माझे आकडे तसेच टाकू नका, डोळ्यांनी जुळवा. नंतर पुढचा रंग गडद आणि मागचा रंग फिका निवडून `Colors > Map > Gradient Map` चालवायचा. हा बदल थेट चित्रात मुरतो, म्हणून आधी लेयरची प्रत काढा.

फेटा आला, पण चेहरा अजून बरा दिसत नव्हता. सावलीतला उजवा गाल मातकट होता, हळदीत राख कालवल्यासारखा. निळा गडद होता, पिवळा झळकत होता, मग मधे हा चिखल कुठून आला? माझा निळा होता 30, 20, 120 आणि पिवळा 255, 220, 50. निळ्याकडून पिवळ्याकडं जाताना लाल आणि हिरवा चढत जातात, पण निळ्याचा आकडा उतरतो. वाटेत कुठंतरी तिघांची गाठ पडणारच. पट्टीच्या 40 टक्क्यांवर रंग निघतो 120, 100, 92. तिन्ही आकडे एकमेकांजवळ आले की डोळ्याला करडं दिसतं, आणि सावलीतल्या गालाचा उजळपणा नेमका तिथंच, 102 च्या आसपास होता. रंगचक्रात समोरासमोरचे रंग घेतले की वाट अशी करड्यातूनच जाते.

पिवळा काढून 255, 110, 160 असा गुलाबी घेतला. निळ्यापासून गुलाबीपर्यंत तिन्ही आकडे चढतेच राहतात, हिरवा मात्र मागं रेंगाळतो. त्याच 40 टक्क्यांवर आता 120, 56, 136 मिळतो, स्वच्छ जांभळा. गाल उजळला नाही, पण मळका दिसेना. हे आकडे साध्या सरासरीचे आहेत. नव्या फोटोशॉपात ग्रेडियंटला `Method` असते, तिथं `Classic` निवडलं तर ते साधारण असेच येतात. दुसऱ्या पद्धतींत मधले रंग थोडे वेगळे पडतात.

एक गोष्ट मात्र गमावली. गुलाबी पिवळ्याइतका उजळ नाही, त्यामुळं चित्राचा एकूण उठाव कमी झाला. भाचा म्हणाला, "भावा, थंड वाटतंय." बरोबर होतं त्याचं. पिवळा मी पार्श्वभूमीत परत आणला. ग्रेडियंट मॅपच्या वर सपाट पिवळ्याचा लेयर टाकला आणि पेन टूलनं फेट्यासकट डोकं आणि खांदे आखून मास्कमध्ये झाकले. तुऱ्याच्या कडा आखायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चेहरा दोन रंगांतच राहिला आणि पिवळा त्याच्या मागं उभा राहिला.

उरलेला उठाव काळ्यानं दिला. मूळ फोटोची एक प्रत सगळ्यात वर नेली, तिला 2 पिक्सेलचा `Gaussian Blur` दिला आणि मग `Image > Adjustments > Threshold`. थ्रेशोल्डमध्ये एक आकडा द्यायचा, त्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. 128 वर अर्धा चेहरा काळा झाला. उतरवत 80 वर आलो, तेव्हा मिशा, भुवया, डोळ्यांच्या कडा आणि फेट्याच्या खोल चुण्या तेवढ्या उरल्या. ब्लर आधी दिला नाही तर गालभर काळी भुकटी पडते.

मग त्या लेयरचा ब्लेंड मोड `Multiply` केला. नावाप्रमाणं हा खरोखरचा गुणाकार आहे. प्रत्येक आकडा 255 नं भागून 0 ते 1 मध्ये आणायचा आणि वरच्या-खालच्या लेयरचे आकडे गुणायचे. पांढरा म्हणजे 1, एकानं गुणलं की खालचा रंग तसाच राहतो. काळा म्हणजे 0, तिथं काहीही असलं तरी काळंच. म्हणून पांढरा भाग खोडावा लागत नाही, तो आपोआप दिसेनासा होतो. रंगीत कागदावर काळ्या शाईचा शेवटचा हात मारावा तसं. मामांच्या मागच्या भिंतीवरचे काळे डाग तेवढे मास्कनं झाकावे लागले.

इथं दोन चुका हमखास होतात. थ्रेशोल्ड हा अॅडजस्टमेंट लेयर म्हणून घातला आणि तो खालच्या प्रतीला क्लिप केला नाही, तर तो सगळ्याच लेयरवर चालतो आणि सगळं चित्र काळं-पांढरं होतं. आणि काळी प्रत ग्रेडियंट मॅपच्या खाली राहिली तर मिशा काळ्या न होता निळ्या होतात. निळ्या मिशाही वाईट दिसत नाहीत, पण मामांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

फ्लेक्सच्या दुकानात फाईल देण्याआधी `View > Proof Colors` लावून बघितलं. स्क्रीनवरचा तो गडद निळा छपाईच्या चार शायांत जांभळ्याकडं झुकतो, कारण निळा बनवायला सायनबरोबर बरीच मजेंटा पडते. गुलाबीही थोडा मंदावतो. निळ्यातला हिरव्याचा आकडा 20 वरून 45 केला आणि मूठभर रुंदीची पट्टी आधी छापून घेतली. दहा फुटांवरून फेटा दिसत होता.