कुंदन, पोलकी आणि टेंपल दागिन्यांची निगा

कुंदन आणि पोलकीचे दागिने बाहेरून सोन्याचे दिसले तरी आतून ते भरीव सोन्याचे नसतात. सोन्याच्या घरात लाख भरलेली असते, तिच्यावर चांदीचा पातळ चकचकीत वर्ख, म्हणजे डांक, आणि डांकेवर खडा. खड्याच्या कडेने शुद्ध सोन्याची मऊ पट्टी दाबून जडिया तो बसवतो. ही पट्टी म्हणजेच कुंदन. पोलकी हा पैलू न पाडलेला चपटा हिरा असल्याने त्याची बरीचशी चमक मागच्या डांकेवरून परतणाऱ्या उजेडाची असते. त्यामुळे या दागिन्यांची निगा म्हणजे मुख्यतः डांक कोरडी ठेवणे.

दाबून बसवलेले सोने जलरोधक नसते. खडा आणि पट्टी यांमधल्या केसाएवढ्या फटीतून पाणी आपोआप आत ओढले जाते, आणि खड्यामागे उघडी जागा नसल्याने सहज सुकत नाही. घाम, अत्तर व हवेतील गंधकाची संयुगे यांच्याबरोबर ही ओल डांकेला काळे करते. खूण ओळखता येते. दागिना खिडकीपाशी तिरपा धरून पाहावा: चांगला खडा पूर्ण उजळतो, पाणी गेलेल्या खड्याच्या कडेला करडी किंवा तपकिरी झाक दिसते आणि ती पुढे मध्याकडे सरकते. हा डाग खड्यामागे असल्याने वरून कितीही पुसला तरी जात नाही. जडियाकडून कुंदन उकलून, डांक बदलून खडा पुन्हा बसवावा लागतो.

उदाहरणार्थ, उन्हाळ्यातल्या लग्नात चार-पाच तास घातलेला पोलकीचा चोकर घ्या. घरी आल्यावर तो लगेच डबीत ठेवणे ही सर्वांत मोठी चूक, कारण मागची रेशमी दोरी आणि मिन्याची, म्हणजे रंगीत काचेच्या मुलाम्याची, मागची बाजू घामाने ओलसर असते. आधी कोरड्या मलमलीने मागची बाजू टिपावी. घासू नये, कारण धागा अडकला तर पट्टीची कड उचलली जाते. मग खड्यांच्या कडांवरची पावडर रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. चोकर पालथा धरला की धूळ फटीत न जाता खाली पडते. चिकट मळ असेल तर घट्ट पिळलेल्या कापडाने फक्त मागचे सोने पुसून लगेच कोरडे करावे, खड्यांची बाजू मुळीच नाही. त्यानंतर तो सुती कापडावर पालथा, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात दोन-तीन तास ठेवावा. दोरी हाताला गार लागत असेल तर ती अजून ओली आहे.

ऊन किंवा हेअर ड्रायर वापरू नये. लाख उष्णतेने मऊ पडते आणि खडा खाली दबतो किंवा तिरका होतो. गरम पाणी, वाफ आणि अल्ट्रासॉनिक यंत्रही याच कारणाने वर्ज्य. त्यातून यंत्राच्या कंपनांनी बसवण सैल होते. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणून हाताला लावलेले सॅनिटायझर आणि मानेवरचे अत्तर आधी पूर्ण उडू द्यावे, मगच दागिना अंगावर चढवावा.

टेंपल, म्हणजे देवळातील मूर्तींच्या अलंकारांच्या धर्तीवर घडवलेल्या, दागिन्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तमिळनाडूतील नागरकोविलच्या परंपरागत कामात चांदीवर सोन्याचा वर्ख आणि लाल-हिरवे केंपाचे खडे असतात. स्वस्त प्रतीत तांब्या-पितळेवर मुलामा असतो. लक्ष्मी, मोर यांच्या उठावदार नक्षीच्या खोबणीत कुंकू आणि मेकअप साचतो व घाम धरून ठेवतो. भरतनाट्यम् नर्तकींच्या दागिन्यांत हे नेहमीचेच. खोबणीतला मळ कोरड्या ब्रशनेच काढावा. चांदीची पावडर किंवा टूथपेस्ट लावली तर आधी उंचवट्यांवरचे सोने जाते आणि खालचा धातू डोकावतो. हिरवट थर दिसला तर तांबे उघडे पडले असे समजावे.

साठवताना प्रत्येक नग वेगळ्या मलमलीत किंवा आम्लरहित कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, पालथा न ठेवता सपाट ठेवावा. कापूस थेट लावू नये. तो ओल धरतो आणि त्याचे तंतू कडांत अडकतात. रबरबँड आणि स्वस्त फोममधून गंधक सुटतो, म्हणून फोम लावलेल्या मखमली डबीपेक्षा हे साधे कापडच बरे. लहान डब्यात सिलिका जेलची ५ ते १० ग्रॅमची एक पुडी दागिन्याला न टेकता ठेवावी आणि रंग बदलणारे दाणे असतील तर त्यांचा रंग पालटला की ती बदलावी. मोत्यांची झालर असेल तर मात्र जेल कमी ठेवावे, कारण फार कोरडेपणा मोत्यांना सोसत नाही. पावसाळ्यात डबा ओल्या हवेत उघडण्यापेक्षा कोरड्या दिवसाची वाट पाहावी.