पाणी कमी की बाळ बारीक?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा गरोदर बायकांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पाणी कमी’ हा शेरा जास्त दिसू लागतो. घरी निरोप जातो, ‘पोटमा पानी कमी शे’, आणि ऐकणारे त्याचा अर्थ लावतात की बाळ वाढत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी त्या एकमेकींना धरून येतात, आणि तेव्हा काळजी जास्त असते.

आधी पाण्याचं, म्हणजे बाळाभोवतीच्या गर्भजलाचं, माप. डॉक्टर पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागात पाण्याचा सर्वांत खोल उभा खिसा मोजतात. त्यात बाळाचे हातपाय किंवा नाळ येता कामा नये. चारही मापांची बेरीज म्हणजे एएफआय. ती पाच सेंटिमीटर किंवा त्याखाली गेली तर पाणी कमी, पाच ते आठ म्हणजे सीमेवर. दुसरी पद्धत एकच सर्वांत खोल खिसा पाहते. तो दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तरच पाणी कमी. प्रोब पोटावर जोरात दाबला तर खिसा चपटा होतो आणि आकडा उगाच खाली येतो.

बाळाचं वजन मात्र कोणी तोलत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून सूत्राने ते काढलं जातं. त्यात दहा-पंधरा टक्के चूक सहज होते. हे वजन किंवा पोटाचा घेर त्या आठवड्याच्या शंभर बाळांत खालच्या दहांत येत असेल तर वाढ कमी असल्याचा संशय घेतात. खालच्या तिनांत असेल तर तो गंभीर. पोटाचा घेर आधी घटतो, कारण अन्न अपुरं मिळालं की यकृतातला साठा संपून ते लहान राहतं. डोकं त्या मानाने टिकून असतं.

आता समजा, चोपडा आणि यावल तालुक्यांतल्या दोघी, दोघींनाही बत्तीस आठवडे. पहिलीचे चार खिसे १.१, २.३, ०.४ आणि ०.८, म्हणजे एएफआय ४.६. बेरजेने पाणी कमी, पण सर्वांत खोल खिसा २.३, म्हणजे त्या मापाने ठीक. बेरजेची पद्धत असा खोटा इशारा अधूनमधून देतेच. बाळाचं वजन १८५० ग्रॅम, म्हणजे सरासरीच्या जवळ. डॉक्टर आधी विचारतात, पाणी गळतंय का? शंका असेल तर तपासूनच खात्री करतात. मग डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली का, ते पाहतात, कारण ती बाळाची लघवी कमी करू शकते. हे काहीच नसेल तर तोंडाने भरपूर पाणी, उन्हातलं काम बंद आणि काही दिवसांत पुन्हा माप. उन्हाने आटलेलं पाणी अशाने बऱ्याचदा वाढतं.

दुसरीचा एएफआय ६.५, पहिलीपेक्षा बरा. पण बाळ १४८० ग्रॅम. बत्तीस आठवड्यांना सुमारे १६२० ग्रॅमच्या खालचं बाळ खालच्या दहांत मोडतं. इथे पहिला प्रश्न तारखेचा. तिची नवव्या आठवड्यातली सोनोग्राफी असेल तर तारीख पक्की. पहिलीच सोनोग्राफी सातव्या-आठव्या महिन्यात झाली असेल तर आठवडेच दोन-तीनने चुकलेले असू शकतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बाईची सिकलसेल तपासणीही पाहावी लागते, तो आजार वाढ रोखू शकतो. बीपी तर प्रत्येकीचं पाहायचं.

मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. नाळेच्या धमनीत बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमध्येही रक्त वारेकडे पुढे वाहिलं पाहिजे. वार नीट काम करत नसेल तर तो प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, शेवटी उलटतो. अपुऱ्या रक्तात बाळ मेंदूला वाचवतं, मूत्रपिंडाचा वाटा तोडतं. लघवी घटते, आणि उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः बाळाची लघवीच असल्याने पाणीही घटतं. असं कमी पाणी नारळपाण्याने भरत नाही. आर्जिनिनची पावडर आणि प्रथिनांची सलाईन सर्रास लिहून देतात. त्यांनी वार सुधारते असा भक्कम पुरावा नाही.

दुसरीचा प्रवाह कमी, पण पुढेच वाहतोय. म्हणून दर आठवड्याला डॉपलर, बाळाच्या ठोक्यांची तपासणी, आणि वजनाचं माप दोन-तीन आठवड्यांनीच. त्याआधी मोजलं तर मापाची चूकच वाढ किंवा घट वाटते. सगळं असंच राहिलं तर साधारण सदतिसाव्या आठवड्यात प्रसूती. प्रवाह थांबला तर तेहतीस-चौतीस आठवड्यांना, उलटला तर तीस-बत्तीसला. त्याआधी फुप्फुसांसाठी स्टेरॉइड: डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार डोस. तेव्हा नवजातांचं आयसीयू असलेलं रुग्णालय आधीच ठरलेलं हवं. हालचाल मंदावली किंवा पाणी गळू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघायचं.